पहिल्या बैठका आणि दुसऱ्या दिवसाचा जिना

दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राम येथे ज्याने नुकताच व्यायाम सुरू केला आहे, अशा मनुष्यास मेट्रोच्या एखाद्या उंच स्थानकावर ओळखणे फारसे कठीण नसते. जिना चढताना तो इतरांसारखाच चढतो. पण उतरताना त्याचा हात कठड्यावर असतो, तो किंचित तिरका होतो आणि प्रत्येक पायरीस पाऊल जपून टेकवतो. त्याला विचारले तर तो सांगेल की व्यायाम परवा केला. काल मांड्या जराशा जड वाटत होत्या. आज मात्र त्या भरून आल्या आहेत आणि खुर्चीत बसतानाही ‘आई गं’ म्हणावेसे वाटते.

या लहानशा दृश्यात दोन गोष्टी नवलाच्या आहेत. एक तर श्रम परवा झाले आणि वेदना आज होत आहे. भाजले तर तत्काळ दुखते, ठेच लागली तर तत्काळ दुखते. मग स्नायूंनाच हा उशीर का व्हावा? दुसरे असे की चढणे हे उतरण्यापेक्षा अधिक कष्टाचे, असे आपण सारेच मानतो. मग दुखऱ्या मांड्यांना चढणे सोसवते आणि उतरणे सोसवत नाही, हे कसे? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती नीट समजली, तर नवे लोक पहिल्या पंधरा दिवसांतच व्यायाम का सोडून देतात, आणि तसे होऊ नये म्हणून पहिल्या दिवशी नेमके काय करावे, याचाही उलगडा होतो.

‘अंग आंबणे’ या शब्दाने घातलेला घोटाळा

मराठीत अतिश्रमाने अंग ‘आंबते’ असे म्हणतात. योगायोग असा की पुष्कळ वर्षे व्यायामशाळांतून सांगितले जाणारे स्पष्टीकरणही आंबटपणाचेच होते. जोराचा व्यायाम करताना स्नायूंत दुग्धाम्ल तयार होते. ते तेथेच साचून राहते, आणि ते साचल्यामुळे दुसऱ्या दिवशी अंग दुखते, असा हा समज. आजही अनेक प्रशिक्षक तो खात्रीने सांगतात. पण तो खरा नाही.

दुग्धाम्ल तयार होते, यात शंका नाही. परंतु व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील त्याचे प्रमाण पूर्ववत होते. स्नायू आणि हृदय ते इंधन म्हणून वापरून टाकतात, तर काही भाग यकृताकडे जातो. जे संध्याकाळीच नाहीसे झाले, ते परवाच्या दुखण्यास कारण कसे होईल? १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा प्रश्न सरळच तपासण्यात आला. काही माणसांना सपाटीवर धावावयास लावले, आणि काहींना उतारावरून. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात दुग्धाम्ल वाढले. परंतु नंतर त्यांचे स्नायू फारसे दुखले नाहीत. उतारावरून धावणाऱ्यांच्या रक्तात ते वाढले नाही. आणि दुखले ते त्यांचेच. अशा रीतीने दुग्धाम्ल या आरोपातून निर्दोष सुटले. मराठी शब्दाला अर्थातच कोणी नावे ठेवू नयेत. तो केवळ अवस्थेचे वर्णन करतो, कारण सांगण्याचा दावा करीत नाही.

खऱ्या कारणाचा सुगावा त्याआधीच लागलेला होता. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ साली स्नायूंच्या या विलंबित वेदनेविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. थकव्याने येणारी, व्यायामाच्या वेळीच जाणवणारी वेदना वेगळी आणि न सरावलेल्या स्नायूत दुसऱ्या दिवशी उद्भवणारी वेदना वेगळी, असा भेद त्यांनी केला. आणि ही दुसरी वेदना स्नायूच्या आत कोठेतरी सूक्ष्म फाटाफूट झाल्यामुळे येत असावी, असे अनुमान त्यांनी मांडले. त्या काळी हे डोळ्यांनी पाहण्याचे साधन नव्हते.

उतरणे का दुखते

स्नायू म्हणजे आखडणारा दोर, असे आपण समजतो. हे अर्धेच खरे आहे. बैठक मारून वर उठताना मांडीच्या पुढील भागातील मोठा स्नायू आखडतो, आणि आखडत असताना बल लावतो. पण खाली जाताना काय होते? त्या वेळी हा स्नायू सैल सुटलेला नसतो. तो सुटला तर मनुष्य धाडकन खाली आदळेल. तो ताणून धरलेला असतो, आणि तशा ताणलेल्या स्थितीतच हळूहळू लांबू दिला जातो. विहिरीत उतरवलेली जड कळशी एकदम सोडून न देता दोर हातातून थोडा थोडा सरकू द्यावा, तसे हे काम आहे. जिना उतरताना, सिंहगडावरून खाली येताना, दंड काढताना छाती जमिनीकडे नेताना, आणि डंबेल वर नेऊन पुन्हा खाली आणताना स्नायू हेच लांबत जाण्याचे काम करीत असतो.

१९५२ साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघा संशोधकांनी यासंबंधी एक मोठा गमतीदार प्रयोग केला. त्यांनी दोन स्थिर सायकली एकमेकींकडे पाठ करून ठेवल्या आणि साखळीने जोडल्या. एका सायकलीवरील व्यक्ती नेहमीप्रमाणे पायटे पुढे मारी. दुसरीवरील व्यक्ती उलट्या दिशेने फिरणाऱ्या त्याच पायट्यांना विरोध करी. दोघांचे बल सारखेच, पण एकाचा स्नायू आखडत आहे आणि दुसऱ्याचा लांबत आहे. विरोध करणाऱ्या व्यक्तीला लागणारा प्राणवायू पुढे पायटे मारणाऱ्याच्या मानाने कित्येक पटींनी कमी निघाला. लहान चणीची व्यक्ती धिप्पाड गड्यास सहज दमवू शके.

हे वाचून लांबत जाण्याचे काम स्वस्तात होते असे वाटेल, आणि श्वासाच्या हिशेबाने ते खरेही आहे. पण त्यातच मेख आहे. ते स्वस्त पडते याचे एक कारण असे की तेवढेच वजन तोलण्यासाठी शरीर त्या वेळी कमी स्नायुतंतू कामास लावते. ओझे तेच आणि हमाल कमी, म्हणजे प्रत्येक हमालाच्या पाठीवरचा भार अधिक. एकेका तंतूवर येणारा ताण वाढतो, आणि तोही तंतू लांबत असताना. डेन्मार्कचे संशोधक एर्लिंग आस्मुसेन यांनी १९५६ साली हे अगदी साध्या रीतीने दाखवून दिले. त्यांनी माणसांना एका पायाने चढावयास व दुसऱ्या पायाने उतरावयास लावले. चढणारा पाय दमला. दुसऱ्या दिवशी दुखला मात्र उतरणारा पाय.

दिल्लीतच याचे एक भव्य उदाहरण उभे आहे. कुतुबमिनारात ३७९ पायऱ्या आहेत आणि त्याची उंची सुमारे ७२.५ मीटर आहे. डिसेंबर १९८१ मध्ये आत झालेल्या दुर्दैवी चेंगराचेंगरीनंतर प्रेक्षकांना आत जाण्याची मनाई आहे, त्यामुळे हा हिशेब आता कागदावरच करावयाचा. तळापासून माथ्यापर्यंत जाऊन खाली येणाऱ्याने उतरताना प्रत्येक पायावर सुमारे १९० वेळा सारे शरीर झेलले असते. वर जाताना त्याला धाप लागेल, आणि श्रम तेवढेच असे त्याला वाटेल. परंतु दुसऱ्या दिवशीचे दुखणे त्याला उतरण्याने दिलेले असेल.

आता व्यायामशाळेकडे वळू. पूर्ण बैठकीत धड साधारण अर्धा मीटर खाली जाते. साठ बैठका काढल्या तर धडाचा हा उतार एकूण ३० मीटर, म्हणजे सुमारे दहा मजली इमारतीएवढा होतो. शिवाय बैठकीच्या तळाशी मांडीचा स्नायू अतिशय लांबलेला असतो, आणि स्नायू जितका लांबलेला असेल तितका हा ताण अधिक जाचतो. म्हणूनच अर्धी बैठक ही पूर्ण बैठकीच्या निम्म्याहूनही सौम्य असते. नवख्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

आत काय घडते आणि उशीर का होतो

१९८१ साली स्वीडनमधील फ्रिडेन आणि त्यांचे सहकारी यांनी काही जणांना वारंवार जिने उतरावयास लावले आणि नंतर त्यांच्या पोटरीतून स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्नायुतंतू हा असंख्य अतिसूक्ष्म खंडांची माळ असतो, आणि दोन खंडांमध्ये एक सीमारेषा असते. निरोगी स्नायूत या रेषा विटांच्या थराप्रमाणे सरळ दिसतात. जिने उतरलेल्यांच्या स्नायूत त्या ठिकठिकाणी वाकड्यातिकड्या झालेल्या, काही जागी विस्कटलेल्या आढळल्या. हफ यांचे अनुमान ऐंशी वर्षांनी डोळ्यांना दिसले.

हे फाटणे फार सूक्ष्म असते आणि त्यातील बहुतेक तंतू जिवंतच राहतात. वेदना त्या क्षणी होत नाही, कारण खंडांच्या आत वेदना सांगणारे ज्ञानतंतूच नाहीत. ते असतात तंतूंभोवतीच्या पातळ आवरणांत. झालेली मोडतोड दुरुस्त करण्यासाठी पुढील काही तासांत त्या जागी द्रव येतो, रक्तातील विशिष्ट पेशी येतात, आणि अनेक रासायनिक द्रव्ये निर्माण होतात. ही द्रव्ये भोवतालच्या ज्ञानतंतूंना हळवे करतात. एरवी ज्याची जाणीवही झाली नसती, अशा दाबाने किंवा ताणाने ते मग ओरडू लागतात. उशीर होतो तो या दुरुस्तीच्या तयारीमुळे.

याचे वेळापत्रक बहुतेकांत सारखेच असते. व्यायामानंतर ८ ते २४ तासांनी दुखणे जाणवू लागते. २४ ते ७२ तासांच्या दरम्यान, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशी, ते शिगेस पोहोचते. त्यानंतर ते ओसरते आणि पाच ते सात दिवसांत नाहीसे होते. ही वेदना बोथट असते; स्थिर बसल्यावर ती जाणवत नाही, हालताच किंवा दाबताच जाणवते; आणि ती दोन्ही बाजूंना, स्नायूच्या साऱ्या गाभ्यात पसरलेली असते. सकाळी ताठरपणा अधिक असतो आणि थोडे चालल्यावर तो कमी होतो. या सर्व खुणा जुळल्या तर काळजीचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यास सहसा कोणी सांगत नाही. वेदना सुरू होण्याच्याही आधी, व्यायाम संपताच, स्नायूची ताकद घटलेली असते. आणि ती पूर्ववत होण्यास काही दिवस लागतात. म्हणून पहिल्या दिवशी साठ बैठका काढणाऱ्यास तिसऱ्या दिवशी वीस बैठका काढताना पाय थरथरत असल्याचे आढळते. त्याला वाटते की व्यायामाने आपण अधिकच दुबळे झालो. तेवढ्यापुरते ते खरेच असते, पण फक्त तेवढ्यापुरते.

ज्याचे अधिक दुखले त्याला अधिक लाभ झाला, हा समजही आखाड्यापासून आधुनिक जिमपर्यंत पसरलेला आहे. वेदनेची तीव्रता आणि स्नायूतील प्रत्यक्ष मोडतोड यांचे नाते फार सैल असल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे, आणि स्नायूची वाढ होण्यास दुखणे आवश्यक नाही. सरावलेला मल्ल रोज शेकडो बैठका काढतो आणि त्याचे पाय दुखत नाहीत. म्हणून त्याचा व्यायाम फुकट जातो असे कोणी म्हणणार नाही.

एक उदाहरण

नोएडात राहणारा, साताऱ्याकडून बदली होऊन आलेला एक छत्तीस वर्षांचा कारकून घेऊ. हा मनुष्य कल्पित आहे, परंतु त्याची हकीकत नेहमीची आहे. कार्यालयात आठ तास बसणे, मेट्रोने जाणे आणि येणे, एवढीच त्याची हालचाल. जानेवारीत तो घराजवळच्या व्यायामशाळेत नाव घालतो. सोमवारी संध्याकाळी उत्साहाने तो पंधराच्या चार फेऱ्यांत साठ पूर्ण बैठका काढतो, त्यावर थोडे दंड काढतो, आणि घरी येऊन म्हणतो की काही विशेष झाले नाही. मंगळवारी सकाळी मांड्या जड वाटतात. त्या रात्री त्याला कूस बदलताना जाग येते. बुधवारी तो मेट्रोच्या जिन्यावर कठडा धरून उतरतो. त्याच संध्याकाळी त्याचा दुसरा व्यायाम ठरलेला असतो.

येथे तो दोनपैकी एक चूक करतो. एक तर तो जात नाही, शुक्रवारीही जात नाही, आणि मग एक आठवडा गेला म्हणून पुढेही जात नाही. नाही तर दात-ओठ खाऊन जातो आणि पुन्हा साठ बैठका काढू पाहतो. पाय साथ देत नाहीत, पाठ वाकते, आणि न दुखावलेला गुडघा दुखावून घेतो. पहिल्या चुकीचा परिणाम अधिक वाईट, असे म्हणावे लागते. कारण त्या दुखण्याने जे काही विकत घेतले होते, तेच तो टाकून देतो.

ते काय? ज्या स्नायूने एकदा हे दुखणे भोगले, त्याला तोच व्यायाम पुन्हा दिला तर दुसऱ्या वेळी दुखणे पुष्कळच कमी होते, ताकद कमी घटते आणि लवकर परत येते. हे संरक्षण एका दुखण्याने मिळते आणि कित्येक आठवडे टिकते. काही प्रयोगांत त्याच्या खुणा सहा महिन्यांपर्यंतही आढळल्या आहेत. स्नायू आणि त्याला चालविणारे ज्ञानतंतू दोघेही पहिल्या अनुभवावरून काही शिकतात, असे दिसते. मात्र हे संरक्षण त्या त्या स्नायूपुरते असते. मांड्या सरावल्या म्हणून खांदे सरावत नाहीत. म्हणून जो दर आठवड्यास नवा व्यायाम शोधतो, तो दर आठवड्यास नव्याने दुखून घेतो.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग पुढचा. जपानी संशोधक काझुनोरी नोसाका आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली असे तपासले की हे संरक्षण मिळण्यासाठी किती श्रम लागतात. दंडाच्या स्नायूस लांबत जाण्याचे पूर्ण जोराचे श्रम एका गटाला २४ वेळा दिले, दुसऱ्याला फक्त ६ वेळा, आणि तिसऱ्याला केवळ २ वेळा. दोन आठवड्यांनी सर्वांना २४ वेळा तेच करावयास लावले. केवळ दोनदा किंवा सहादा केलेल्यांनाही दुसऱ्या वेळी बराच बचाव मिळाला, आणि त्यासाठी त्यांना पहिल्या गटाइतके भोगावे लागले नव्हते. म्हणजे साठ बैठकांचे मूल्य न देताही संरक्षण मिळू शकते. थोड्या बैठका त्याला पुरतात.

तेव्हा आपल्या कारकुनाचा महिना पुन्हा आखू. पहिल्या सोमवारी त्याने खुर्ची मागे ठेवावी, तिच्यावर अलगद टेकेपर्यंतच खाली जावे आणि उठावे. अशा सहा बैठका, दोन मिनिटे थांबून आणखी सहा. एवढ्यावर थांबावे. तो नक्कीच म्हणेल की हे तर मुलांचे काम आहे. पहिल्या दिवशी हीच तक्रार यावयास हवी. मंगळवारी व बुधवारी नेहमीप्रमाणे चालावे. गुरुवारी पुन्हा तेवढेच. त्या दिवशी मांड्या किंचित दुखत असल्या तरी हरकत नाही. दुरुस्ती चालू असताना हलका व्यायाम केल्याने दुरुस्ती बिघडते, असे प्रयोगांत आढळलेले नाही. उलट, व्यायामाने ताठरपणा काही वेळ सैल पडतो.

दुसऱ्या आठवड्यात दोन्ही दिवशी आठ-आठ बैठकांच्या दोन फेऱ्या. तिसऱ्यात आठच्या तीन. चौथ्यात खुर्ची काढून थोडे अधिक खाली जावे, पण बैठकांची संख्या कमी करून सहाच्या तीन फेऱ्या ठेवाव्यात. खोली वाढवली की संख्या वाढवू नये, हा येथला नियम. कारण खोली वाढवणे म्हणजे स्नायूच्या दृष्टीने नवा व्यायामच होय. पाचव्या आठवड्यापासून तिसरा दिवस जोडता येतो. या गतीने साठ बैठका गाठण्यास त्याला दोन-तीन महिने लागतील. आखाड्यांतही हाच क्रम असतो. उत्तर दिल्लीत रोशनआरा बागेजवळ गुरु हनुमान यांचा आखाडा आहे; तेथून देशाला नामांकित मल्ल मिळाले. तेथे किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या तालमीत मल्लांच्या बैठका शेकडोंनी मोजल्या जातात, पण त्या वर्षानुवर्षांच्या सरावाने वाढलेल्या असतात. पाहणारा संख्या पाहतो, वर्षे पाहत नाही.

पुढच्या पावलाचा निर्णय घेण्यासाठी जिनाच उत्तम मापक आहे. ठरलेल्या व्यायामाच्या दिवशी सकाळी जिना उतरून पाहावा. दुखत नसेल किंवा केवळ ‘आहे’ इतके जाणवत असेल, तर ठरल्याप्रमाणे करावे. चेहरा वाकडा होत असेल पण कठड्याची गरज नसेल, तर निम्मे करावे. कठडा धरावा लागत असेल, तर त्या दिवशी मांड्यांना विश्रांती द्यावी आणि अर्धा तास सपाटीवर चालावे किंवा हातांचा हलका व्यायाम करावा. मात्र व्यायामशाळेत जाण्याचा दिवस व वेळ मोडू नये. पहिल्या आठवड्यांत सवय लागावयाची ती त्या वेळेची.

उपायांविषयी

दुखणे उतरविण्याचे उपाय विचारले जातात, त्यांबाबत थोडक्यात सांगता येईल. व्यायामापूर्वी किंवा नंतर अंग ताणल्याने हे दुखणे टळते, असा समज आहे. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर त्याचा परिणाम नगण्य ठरला. मालिशीने बऱ्यापैकी आराम पडतो. कोमट पाण्याने स्नान केल्याने बरे वाटते. हळद घातलेले दूध प्यावयास हरकत नाही. पण हळदीतील ज्या द्रव्यावर प्रयोग झाले, ते हळदीत शेकडा तीन-चार भागांपेक्षा अधिक नसते, तेव्हा पेल्यातील चिमूटभर हळदीवर फार भरवसा ठेवू नये. वेदनाशामक गोळ्या घेऊन व्यायामास जाणे मात्र सर्वथा टाळावे. त्या शरीराची सूचनाच बंद करतात, आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घाम जाऊन पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकतात.

हे दुखणे कोणते नव्हे

आता ज्या दुखण्यांचे वर्णन वरील वेळापत्रकात बसत नाही, त्यांच्याकडे वळले पाहिजे. व्यायाम करतानाच एकाएकी चमक भरली, एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येते, सांध्यात दुखते, सूज किंवा निळेपणा आहे, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली आहे, तर ते विलंबित दुखणे नव्हे. आठवडा उलटूनही वेदना कमी होत नसेल, तरीही वैद्याला दाखवावे. व्यायामाच्या वेळी छातीत दडपण आले तर थांबून तत्काळ मदत घ्यावी.

सर्वांत गंभीर अवस्था क्वचितच येते, पण येते तेव्हा ती नवख्यांनाच अधिक येते. स्नायुतंतू फार मोठ्या प्रमाणावर फुटले, तर त्यांतील मायोग्लोबिन नावाचे लालसर प्रथिन रक्तात उतरते आणि तेथून मूत्रपिंडात जाऊन ते बंद पाडू शकते. या विकारास ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. याची खूण अशी की व्यायामानंतरच्या एक-दोन दिवसांत लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद होतो, स्नायू फार सुजतात, वेदना नेहमीच्या दुखण्याच्या मानाने भयंकर असते आणि हातपाय उचलेनासे होतात. यांतली लघवीची खूण जरी एकटी दिसली, तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. उद्याची वाट पाहू नये. रक्तातील क्रिएटिन कायनेज मोजून निदान होते, आणि वेळीच शिरेतून द्रव दिल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

शिक्षा म्हणून काढायला लावलेल्या शेकडो बैठकांनंतर हा विकार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. येथे संख्येची सूचना शरीराने दिलेली नसते. दुसऱ्याने दिलेली असते, आणि थांबण्याची मोकळीक नसते. शाळांनी याची विशेष नोंद घ्यावी. पहिल्याच तासाला नव्या मुलांना शंभर बैठकांची शिक्षा देणारा शिक्षक त्यांना बळकट करीत नसतो.

उष्म्याने हा धोका वाढतो. दिल्लीत मे-जून महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत पहाटे व्यायाम करावा, आधी व नंतर पाणी प्यावे, आणि ज्यास आदल्या दिवशी ताप, जुलाब किंवा लंघन झाले असेल, त्याने तो दिवस वगळावा. नोव्हेंबरच्या धुरकट सकाळी मात्र याच्या उलट आहे. हवेचा निर्देशांक अतिशय खराब असेल, तर उद्यानात धावण्याऐवजी घरातच खुर्चीवरच्या बैठका काढाव्यात. अशा आठवड्यात क्रम मोडला, तरी दहा-पंधरा दिवसांच्या खंडाने मिळालेले संरक्षण पुसले जात नाही. परत येणाऱ्याने शेवटच्या आठवड्याच्या आधीचा आठवडा पुन्हा करावा, आणि तेथून पुढे जावे.